सईदाच्या स्क्रीनवरची खालची चौकट

सईदाबद्दल मी चार शब्द बरे लिहीन, असं आमच्या ऑफिसात कोणालाच वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. ती आली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यात खुपत होती आणि मी ते फारसं लपवतही नव्हते.

मी दुर्गाबाई. अमरावतीच्या कीड सर्वेक्षण कक्षात आवक-जावक माझ्याकडे. माझे मालक वारले आणि त्यांच्या जागी मला लावून घेतलं, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला रजिस्टर कोणत्या बाजूनं उघडायचं तेही ठाऊक नव्हतं. ते सगळं मी शिकले. पुढची अठरा वर्षं या ऑफिसात एक कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय आत आला नाही की बाहेर गेला नाही. साहेब बदलले, पाच आले, पाच गेले. प्रत्येकजण सकाळी आल्या आल्या विचारायचा, "बाई, आज काय आलं?" हा प्रश्न माझा होता. तो ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात सईदा आली आणि नवे साहेब विचारू लागले, "सईदा, आज काय आलं?"

ती अकोल्याची. तिचे वडील वाहेदभाई तिथं शिलाई मशिनी दुरुस्त करतात. ती इथं अनीसाखालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायची आणि शनिवारच्या गाडीनं घरी जायची. वय तेवीस, कॉम्प्युटरचा कोर्स झालेला, अकरा महिन्यांच्या करारावर. त्या वर्षांत आमच्याकडे कामाचा नुसता पूर आला होता. आज मुंबईचं पथक, उद्या दिल्लीचं, परवा कोणती तरी समिती, आणि प्रत्येकाला चौदाही तालुक्यांचा अहवाल दर आठवड्याला हवा. कपाशीवर काय पडलं, तुरीवर काय पडलं, संत्र्याला काय झालं. टपालानं हे होईना, म्हणून कॉम्प्युटर आला, मेल आली आणि मेलच्या पाठोपाठ ही आली.

तिच्यासाठी चाकांची खुर्ची आणली. माझी लाकडी, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. साहेबांच्या खोलीतून अर्धा कप चहा बाहेर यायचा तो पूर्वी माझ्या टेबलावर थांबायचा, आता पुढे जायला लागला. मला "काकू" म्हणायची. मी बेचाळीसची होते. बेचाळीसची बाई काकू असते हे मला कळतं, पण ते चाकांच्या खुर्चीवर बसून कोणी सांगू नये.

कोणी म्हणेल, एवढ्याशावरून? हो, एवढ्याशावरूनच. ज्याच्याकडे थोडं असतं त्याला तेवढंही गेलेलं कळतं.

आता कॉम्प्युटरचं सांगते. मशीन एकच आणि बसणाऱ्या दोघी. साहेबांचा हुकूम होता की मेलचीही नोंद आवक रजिस्टरात व्हायला हवी. म्हणून सकाळी सव्वादहा ते अकरा मी बसायची, अकरानंतर ती. विपुल नावाचा कॉम्प्युटरवाला होता, त्यानं दोघींची दोन वेगळी खाती करून दिली. पत्ता ऑफिसचा एकच. मेलची प्रत सर्व्हरवर राहील अशी सोय त्यानं केली, म्हणून तीच मेल माझ्या खात्यातही यायची आणि तिच्याही.

पहिल्या दिवशी विपुलनं मला मेलचा प्रोग्राम उघडून दाखवला. डावीकडे कप्पे, उजवीकडे वर मेलींची यादी आणि यादीच्या खाली मोठी चौकट. यादीतल्या ज्या मेलवर माऊसचं बोट ठेवावं तिच्यातला मजकूर खालच्या चौकटीत आपोआप दिसायचा. फोटो जोडलेला असला तर फोटोसकट.

मी म्हटलं, "हे काय? नुसतं हात लावला तं पाकीट फुटलं?"

"काकू, सोय आहे ही. उघडायची गरज नाही, झलक दिसते."

"मले नाही पाहिजे झलक."

आमचं आवकचं काम तो पोरगा कधी समजलाच नाही. आवकवाली बाई लिफाफा वाचते, पत्र वाचत नाही. कोणाकडून, कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेचं, विषय काय, सोबत जोडपत्र आहे की नाही, एवढं लिहायचं, नंबर टाकायचा आणि पाकीट आत द्यायचं. गोपनीय पत्र तर बंदच जातं. अठरा वर्षांत मी दुसऱ्याचं पत्र उघडलं नाही, आणि हे यंत्र माझ्या नाकासमोर सगळ्यांची पत्रं उघडी पाडणार होतं. विपुल हसला, पण त्यानं माझ्या खात्यातली खालची चौकट बंद करून दिली. कशी केली ते मी त्याच्याकडून दोनदा करवून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं. वर व्ह्यू, त्यात लेआउट, त्यात प्रिव्ह्यू पेनसमोरची टिक काढायची आणि ओके. तेव्हापासून माझ्या स्क्रीनवर नुसती यादी असायची, म्हणजे नुसते लिफाफे.

सईदाच्या खात्यात खालची चौकट होती. ती कशी येते, कशी जाते, याचा तिनं कधी विचार केला नसावा. कोर्समध्ये तिला जसं दिसलं तसंच इथंही दिसलं.

आता पुढच्या ऑक्टोबरमधला तो बुधवार. मी सकाळी बसले, सहा मेली आल्या. एक वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटची होती. तिथला आमचा सर्वेक्षक मोहसीन तिथल्या सायबर कॅफेतून पाठवायचा. विषय लिहिलेला, संत्रा बाग, तातडीचे. समोर टाचणीची खूण, म्हणजे जोडपत्र आहे. मी लिहिलं, आवक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. यादीवरून खाली-वर बोट फिरवलं, सगळं नीट. अकराला उठले.

सव्वाअकराला सईदा म्हणाली, "अरे! बंद झालं."

तिनं प्रोग्राम पुन्हा उघडला. चांदूरची मेल पाहिली, अचलपूरची पाहिली. शेंदूरजनाघाटच्या मेलवर क्लिक केलं आणि प्रोग्राम गप्प. एक पाटी आली, काहीतरी चूक झाली, प्रोग्राम बंद करावा लागतोय. बस.

पुन्हा उघडला. पुन्हा तेच. दुसऱ्या कोणत्याही मेलला काही नाही, या एकीलाच हात लागला की संपलं. तिनं ती पुसून टाकायचा प्रयत्न केला. पण पुसायची तर आधी तिच्यावर बोट ठेवावं लागतं, आणि बोट ठेवलं की प्रोग्रामच बंद. उजवं बटण दाबून पाहिलं, त्यानंही तेच. एकदा तर तिनं त्या मेलला हातही लावला नव्हता. तिच्या वरची एक फालतू जाहिरात पुसली, तसा निळा पट्टा आपोआप खाली सरकून नेमका हिच्यावर येऊन बसला आणि पुन्हा पाटी.

"काकू, भूत हाय काय हिच्यात?" तिनं मला विचारलं.

"मले काय माहीत? माझ्याकडं तं काही होत नाही."

हे मी सहज म्हटलं. खरंच काही होत नव्हतं. पण हेच वाक्य मी थोड्या वेळानं साहेबांसमोर पुन्हा म्हटलं, आणि ते सहज नव्हतं.

हे नवे गावंडे साहेब होते नागपूरचे, पण शिकून आलेले पुण्याहून. बोलणं मऊ, पण मन मऊ नाही. त्यांना मोहसीनचा फोटो हवा होता. शेंदूरजनाघाटकडे आंबिया बहराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, संत्री झाडाखाली पडत होती आणि ते नेमकं कशानं, हे पाहून त्यांना सल्ला द्यायचा होता. ते बाहेर आले.

"मेल आली आहे ना, बाई?"

"आली सर. नोंद झाली. अकराशे सत्तेचाळीस."

"मग सईदा, उघडत का नाही?"

"सर, त्या मेलवर क्लिक केलं की प्रोग्रामच बंद पडून राहिला. बाकी सगळ्या उघडतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडं तं बंद पडत नाही, सर. सकाळी तिच्यावरच बोट ठेवून नोंद केली मी."

एक शब्दही खोटा नव्हता. मनात मात्र गुदगुल्या झाल्या, हे कबूल करते. कितीतरी महिन्यांनी साहेब माझं ऐकून मान हलवत होते.

साहेब सईदाला म्हणाले, "मशीन एकच, मेल एकच. त्यांच्याकडे चालते आणि तुमच्याकडे नाही. म्हणजे तुमच्या खात्यात काहीतरी घातलंय तुम्ही. पेनड्राइव्हमधून गाणी आणता का?"

"नाही सर!"

"व्हायरस तपासा."

गुरुवारचा अख्खा दिवस तो तपासणीचा प्रोग्राम सरकत राहिला. सईदा समोर बसून होती, डबाही उघडला नाही. संध्याकाळी निकाल आला, काही सापडलं नाही. साहेबांचा त्यावर विश्वास बसला नाही. विपुलला फोन केला, तो अकोल्यात दुसऱ्या कामात, सोमवारशिवाय येणार नाही. मोहसीनचा मोबाइल दोन्ही दिवस लागेना.

गुरुवारीच एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सकाळी मी बसले होते. सईदा माझ्या मागं येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "काकू, तुमच्याकडं खालचा भाग काऊन नाही? नुसती यादीच दिसून राहिली."

त्या क्षणी मला अर्धं कळलं. तिच्याकडं बोट ठेवताच मेल उघडते, माझ्याकडं उघडत नाही. एवढाच तर फरक होता आमच्यात. आणि तो फरक कसा करायचा ते माझ्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "मले काय माहीत, विपुलनं काय केलं ते. मी अडाणी बाई."

अडाणी! अठरा वर्षांत मला कोणी अडाणी म्हटलं असतं तर मी त्याची आवक-जावक बंद केली असती. आणि त्या दिवशी मीच म्हणाले. सईदा "अच्छा" म्हणाली आणि बाजूला झाली.

असूया फार कष्टाळू असते. रात्री घरी भाजी चिरताना मी स्वतःला पन्नास कारणं सांगितली. मी कशाला बोलू? तिला कॉम्प्युटर येतो म्हणून तर आणलं ना. जिला चाकांची खुर्ची मिळते तिनं चाकं चालवून दाखवावीत. आणि एवढी हुशार असेल तर शोधेल स्वतः.

शुक्रवारी बाराला साहेबांनी मला आत बोलावलं. सईदाचा करार शनिवारी संपत होता. त्यांनी फाइलीवर लिहिलं होतं, मुदतवाढ देऊ नये. मला म्हणाले, पत्र टाइप करून आणा, जावकला उद्याची तारीख टाका.

हे मला हवं होतं. मनात कितीदा मांडे खाल्ले होते. फाइल घेऊन बाहेर आले, तर टेबलावर कोणी नव्हतं, सईदा नमाज पढायला खालाकडे गेलेली. मी तिच्या चाकांच्या खुर्चीवर बसले. बसायला मऊ होती. माझं खातं उघडलं आणि वाटलं, एवढा गोंधळ घातला त्या मेलनं, पाहावं तरी आत काय आहे. माझा नेम मोडून मी अकराशे सत्तेचाळीसवर दोनदा क्लिक केलं.

पाटी आली. प्रोग्राम बंद.

माझ्या खात्यात, माझ्या हातानं.

मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन दिवस मी साहेबांना सांगत होते, माझ्याकडं बंद पडत नाही. का पडत नव्हती? कारण मी ती उघडतच नव्हते. माझ्या टेबलावर लिफाफा बंद होता म्हणून आतला विंचू मला चावला नव्हता. सईदाच्या हातात काहीच दोष नव्हता. दोष त्या एका मेलमध्ये होता, आणि हे आता या ऑफिसात एकट्या मला ठाऊक होतं.

खोटं बोलणार नाही, तेव्हाही मी उठून साहेबांकडे गेले नाही. टाइपरायटरला कागद लावला. "उपरोक्त विषयान्वये" इथपर्यंत टाइप केलं. तेवढ्यात फोन वाजला. फोन उचलणंही आवकचंच काम.

"बाई, मी मोहसीन. शेंदूरजनाघाटहून. दोन दिवस लाइन नव्हती इकडं. फोटो पाह्यला का साहेबांनी?"

"फोटो आला. नोंद झाली आहे."

"नोंद झाली म्हणजे? पाह्यला का नाही? इथं पार्बताबाईची बाग हाय, सहाशे झाडं. निम्मी संत्री खाली पडली. दुकानदारानं तिले जहरी औषध देऊन ठेवलं, किड्याचं. तिनं पंप आणला, माणसं आणली. मी दोन दिवसांपासून तिले अडवून राहिलो, म्हनलं अमरावतीहून उत्तर येऊ द्या. आज नाही थांबत ती. काय सांगू तिले?"

"काय सांगू म्हणजे..." मी म्हटलं आणि रजिस्टर पुढ्यात ओढलं.

"नोंद तं झाली म्हणता ना तुमी?"

रजिस्टर समोर उघडं होतं. अकराशे सत्तेचाळीस, विषय तातडीचे, आणि शेवटचा रकाना, केलेली कार्यवाही, कोरा. त्या रकान्यात मी काय लिहिणार होते? सईदाला घालवलं?

"अर्धा तास थांबव तिले," मी म्हटलं. "मी सांगते म्हणून सांग."

सईदा थोड्या वेळातच परतली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. फाइलीची बातमी तिला शिपायाकडून लागली होती. मी म्हटलं, "तुझं खातं उघड. मेल उघड. पण त्या मेलले हात नको लावू."

"काकू, आता काय फायदा?"

"उघड म्हणते ना!"

तिनं उघडलं. मी तिच्या बाजूला उभी राहिले. पहिलं काम, डावीकडचा ड्राफ्टचा कप्पा दाबायला लावला. तो रिकामा असतो. तिथं एकही मेल नाही, म्हणून निळा पट्टा कशावरही बसत नाही आणि खालच्या चौकटीला दाखवायला काही उरत नाही. मग वर व्ह्यू. लेआउट. प्रिव्ह्यू पेनसमोरची टिक काढ. ओके.

खालची चौकट गेली.

"आता इनबॉक्समध्ये जा. ठेव बोट तिच्यावर."

सईदानं माझ्याकडं पाहिलं. मग बोट ठेवलं. निळा पट्टा आला आणि काही झालं नाही. प्रोग्राम चालूच.

"दोनदा नको क्लिक करू, फुटते ती. माझ्याकडंही फुटली."

यापुढं मला येत नव्हतं, आणि यापुढं तिचं डोकं चाललं. उजवं बटण दाबून ती प्रॉपर्टीजमध्ये गेली, तिथून डिटेल्स, तिथून मेसेज सोर्स. म्हणजे मेलची कच्ची बाजू, जशी आली तशी, चित्र न काढता, नुसती अक्षरं. वर पत्ते, तारखा, मग मोहसीननं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. तिनं वाचून दाखवलं. फळं देठाकडून तपकिरी पडतात, मग गळतात, पानावर किडा दिसत नाही, बाई आज-उद्या फवारणार आहे, तिला थांबवू का, लवकर कळवा. त्याच्या खाली पानंच्या पानं अगम्य अक्षरांचा चिखल.

"हा फोटो आहे," सईदा म्हणाली. "असाच येतो तो, अक्षरांत गुंडाळून. याच्यातच काहीतरी मोडलं असंन. खालची चौकट तो काढाले जाते आणि तिथंच आपटते."

तिनं मोहसीनला फोन लावला. "भाई, फोटो बिघडलाय. कॅमेऱ्यातून पुन्हा काढ, कॅफेवाल्याले म्हणा उघडून पाहा आणि लहान करून नव्यानं सेव्ह कर, मग पाठव." वीस मिनिटांत नवी मेल आली. मी रजिस्टर ओढून अकराशे एकोणसाठ लिहिलं. सईदानं फोटो वेगळा सेव्ह करून उघडला. संत्र्याच्या देठाशी तपकिरी डाग, स्पष्ट. जुनी मेल पुसायची तिची इच्छा होती, पण नोंद झालेली वस्तू पुसत नाहीत असं मी म्हटलं, म्हणून तिनं वेगळा कप्पा करून तिला तिथं हलवली.

साहेब बाहेर आले. फोटो पाहिला आणि थेट मोहसीनला फोन लावायला सांगितला. ही बुरशी आहे, किडा नाही. दुकानदाराचं औषध मारू नका, काही उपयोग नाही, नुसतं विष. पडलेली फळं आधी गोळा करून बागेबाहेर गाडा, बुरशीनाशकाचं मी लिहून पाठवतो. पलीकडून मोहसीन कॅफेतूनच कोणालातरी ओरडून पाठवताना ऐकू आला, जा, बागेत सांग, पंप उतरवा.

फोन ठेवून साहेब सईदाकडे वळले. "शाब्बास. कसं केलंत?"

मी खाली पाहिलं. मला वाटलं, आता ही घेणार सगळं. आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण सईदा म्हणाली, "काकूंनी शिकवलं, सर. खालची चौकट बंद कशी करायची ते त्यांनाच येत होतं."

"बाईंना?" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. आधी हसून. मग हसू गेलं. माणूस हुशार होता. "बाईंना येत होतं? मग बुधवारपासून हे काय चाललं होतं?"

कौतुक आलं आणि त्याच्या पाठीवर बसून चौकशी आली. टाइपरायटरमध्ये ते पत्र अजून तसंच लावलेलं होतं, उपरोक्त विषयान्वये.

सईदा म्हणाली, "सर, त्यांना आजच समजलं. दुपारी त्यांनी स्वतः उघडून पाहिली तेव्हा त्यांच्याकडंही बंद पडली. त्याच्याआधी कसं समजणार? त्या तर मेल उघडतच नाहीत."

साहेबांनी टाइपरायटरमधला कागद ओढून काढला, चार तुकडे केले आणि म्हणाले, "मुदतवाढीचं पत्र करा. बाई, आजच जावकला टाका."

ते आत गेल्यावर मी सईदाला व्हरांड्यात गाठलं. राग आला होता मला. कशाचा, ते सांगता येणार नाही.

"काल तू मले इचारलं होतं. खालचा भाग काऊन नाही म्हणून."

"हो."

"मी काय म्हटलं?"

"माहीत नाही म्हणाल्या तुमी."

"मग तुले समजलं ना, मी खोटं बोलली?"

"समजलं." ती कठड्याला टेकून उभी होती. "कालच समजलं, काकू. तुमचं तोंड पाहून. तुमाले नाही जमत खोटं बोलणं."

"मग साहेबांसमोर मले वाचवाले कोणी सांगितलं होतं? सांगून टाकायचं ना! तुझी नोकरी खाल्ली असती मी."

तिनं ओढणी सारखी केली. तेवीस वर्षांची पोरगी. उद्या तिला अकोल्याला जाऊन बापाला तोंड दाखवायचं होतं, आणि पाच मिनिटांपूर्वीपर्यंत नोकरी गेलीच असं ती धरून होती.

"काकू, मले अजून अकरा महिने मिळाले," ती म्हणाली. "अकरा महिने रोज तुमच्या बाजूले बसाचं हाय. साहेब तं आत बसतात."

आणि ती आत गेली.

मी तिथंच उभी राहिले. तिची खुर्ची, तिचा चहा, साहेबांचा तो सकाळचा प्रश्न, या सगळ्यांचा मला हेवा वाटला होता, पण तो वरवरचा होता, आज आहे उद्या नाही. त्या दिवशी मात्र जो हेवा वाटला तो अजून गेलेला नाही. तिच्या जागी मी असते, तर मी सांगून टाकलं असतं.